फोटोसोबत ट्यूबचाही फोटो पाठवा

वाचकाचं पत्र

माझं वय 31. तालुक्याच्या गावी राहते. त्वचेचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने दोन तास. त्यांच्याकडे फोटो पाठवून सल्ला घेता येतो, म्हणून कमरेवरच्या चट्ट्यांचे पाच फोटो पाठवले आणि लिहिलं, ‘कमरेला ॲलर्जी झाली आहे, खूप खाज येते, औषध सांगा.’ उलट प्रश्नच आले: किती दिवस झाले, काय काय लावलं, घरात अजून कुणाला आहे का. फोटो इतके स्वच्छ असताना हे कशाला? आणि खरं सांगायचं तर मेडिकलमधून आणलेलं मलम मी तीन महिने लावते आहे. ते सांगितलं तर डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. नक्की काय लिहायचं, किती लिहायचं?

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मलमाची आहे, आणि नेमकी तीच अजून डॉक्टरांपर्यंत पोचलेली नाही. मी स्वतः त्वचारोगाची डॉक्टर आहे. तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुम्हाला काय झालंय ते मी इथून सांगणार नाही. पण तीन महिने मलम लावलेल्या कातडीचा फोटो समोर आला की डॉक्टरांची अडचण काय होते, ते सांगते. मग त्यांनी विचारलेले प्रश्न तुम्हाला परके वाटणार नाहीत.

काही न लावलेला गजकर्ण, ज्याला आपल्याकडे नायटाही म्हणतात, बहुतेक वेळा फोटोवरून ओळखू येतो. गोल चकती असते, तिची कड थोडी उंच, लालसर, त्यावर बारीक पापुद्रे, आणि मधली कातडी त्या मानाने साफ. आता त्यावर मेडिकलमधलं ‘खाजेचं मलम’ लावलं असं धरू. अशा पुष्कळ मलमांत तीन औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड. लाली, सूज आणि खाज ही बुरशीला आपल्या शरीराने केलेल्या विरोधाची लक्षणं आहेत. स्टेरॉइड तो विरोधच गप्प करतं. म्हणून दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि मलम लागू पडलं असं वाटतं. आत बुरशी मात्र निवांत पसरत राहते. मलम थांबवलं की आठवडाभरात खाज परत येते, आणि चट्टा आधीपेक्षा मोठा झालेला असतो.

या सगळ्यात चट्ट्याचं रूप पालटतं. कड विरघळल्यासारखी होते, पापुद्रे जातात, मध्येच बारीक पुळ्या येतात, कधी एका कड्यात दुसरं कडं दिसतं. असा फोटो इसबासारखा दिसू शकतो, कधी सोरायसिससारखाही. आमच्या शास्त्रात याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात, म्हणजे वेष पालटलेला गजकर्ण. फोटो जितका स्वच्छ, तितका तो वेष स्पष्ट दिसतो. खरा चेहरा दिसत नाही.

माझ्याच हातून हे झालेलं आहे. एका तरुणाने मांडीचा फोटो पाठवला होता, सोबत एवढंच लिहिलं होतं की खाज येते. मला तो इसब वाटला आणि मी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. तीन आठवड्यांनी आलेल्या फोटोत चट्टा दुप्पट झालेला. तेव्हा मी विचारलं आणि त्याने सांगितलं की तो आधीपासूनच तसलंच एक मलम लावत होता. त्याने लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून फोटो उघडण्याआधी माझा पहिला प्रश्न ‘काय लावलंय?’ हा असतो. तुमच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं आहे, म्हणजे ते तुमचं काम टाळत नाहीयेत.

आता रागावण्याचं. काही डॉक्टर रागावतात हे मी नाकारणार नाही. पण असं मलम लावून आलेले रुग्ण आम्ही रोज बघतो; तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या चौदा स्टेरॉइड औषधांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती मिळत राहिली. तुम्ही खाजेने हैराण होऊन जवळच्या दुकानातून जे मिळालं ते आणलंत. ते लपवलंत तर तुमच्या हातात त्याच जातीचं दुसरं मलम पडण्याचा धोका आहे, आणि तो डॉक्टरांच्या रागापेक्षा खूप मोठा आहे.

मलमाबद्दल लिहिताना खुलासे देऊ नका, माफी मागू नका. नुसती माहिती द्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, आतापर्यंत किती ट्यूब संपल्या, शेवटचं कधी लावलं. आणि ट्यूबचा फोटो काढा, पण ज्या बाजूला घटक छापलेले असतात त्या बाजूचा. सारख्या नावाची मलमं वेगवेगळ्या घटकांची असतात, त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही छापलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, टर्बिनाफिन, लुलिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं. ट्यूब मागून गुंडाळत आणली असेल आणि अक्षरं चुरगळली असतील, तर ती टेबलाच्या कडेवर ओढून सपाट करा आणि मग फोटो काढा.

किती ट्यूब संपल्या हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यावरून बरंच कळतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची जेवढी रेघ बसते, ती साधारण अर्धा ग्रॅम असते, आणि तेवढी दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तेवढ्या जागेला दिवसातून दोनदा लावलं तर 15 ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपते. तीन महिन्यांत सहा. तुम्ही ‘सहा ट्यूब संपल्या’ लिहिलंत की डॉक्टर चट्ट्याबरोबर आजूबाजूची कातडीही निरखून बघतील: ती पातळ, चकचकीत झाली आहे का, बारीक शिरा दिसू लागल्यात का, बाळंतपणानंतर पोटावर असतात तसे पट्टे आलेत का. जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला हे पट्टे लवकर येतात आणि नंतर पुरते जात नाहीत. तुम्हालाच तसं काही दिसत असेल तर एका ओळीत लिहा.

दुसरी गोष्ट ‘ॲलर्जी’ या शब्दाची. तो शब्द तुमचा आहे की दुकानदाराचा? रोगाचं नाव लिहिलं की वाचणाऱ्याचं मन त्या वाटेने जातं. नावाऐवजी जे दिसतं ते लिहा. तुमच्या बाबतीत तर एक बारकावा फार उपयोगी आहे. परकराची नाडी जिथे आवळते तिथे घर्षणाने आणि घामाने कातडी काळी पडते, खाजते, सोलवटते. ते पट्टे नाडीच्या रेषेतच राहतात. बुरशी मात्र नाडीची रेषा ओलांडते, खाली कुल्ल्यावर किंवा पुढे पोटावर गोलाकार सरकते. दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून ‘नाडीच्या जागीच आहे’ किंवा ‘नाडीपासून चार बोटं खाली गेलंय’ एवढं वाक्य ‘ॲलर्जी’पेक्षा जास्त सांगतं. रंगही शब्दांत लिहा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुष्कळदा लाल दिसत नाही, जांभळट किंवा कॉफीसारखी दिसते, आणि फोनचा कॅमेरा रंग बदलून टाकतो.

किती दिवस झाले याचं उत्तर ‘बरेच दिवस’ असं नको. तारीख आठवत नसेल तर एखाद्या प्रसंगाला धरून सांगा: वटपौर्णिमेच्या आधी, गावची जत्रा झाल्यावर, पाऊस सुरू झाला तेव्हा. पहिला डाग कुठे आला आणि केवढा होता, तेही लिहा. रुपयाच्या नाण्याएवढा होता आणि आता तळहाताएवढा झाला, हे ‘खूप पसरलंय’पेक्षा कितीतरी नेमकं आहे.

खाजेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे आपल्या भाषेची श्रीमंती उपयोगी पडते आणि लोक ती वापरत नाहीत. फोटोसोबतच्या मजकुरात सगळं ‘इचिंग’ आणि ‘इन्फेक्शन’मध्ये गुंडाळलेलं असतं. तेच लोक समोर बसून बोलू लागले की म्हणतात, ‘डॉक्टर, पाणी पडलं की चुरचुरतं’, ‘कपडा लागला तरी हुळहुळतं’, ‘आतून ठणकतं’, ‘मुंग्या आल्यासारखं होतं’. हे प्रत्येक वाक्य आम्हाला वेगळ्या दिशेला नेतं. चुरचुरणं म्हणजे बहुधा कातडीचा वरचा थर फाटलाय किंवा खाजवून सोलवटलाय. ठणका असेल तर खाली पू होतोय का, ते बघावं लागतं. एकाच बाजूला आधी आग आणि टोचणी झाली, मग दोन-तीन दिवसांनी पाण्याचे फोड आले, तर ती नागीण असू शकते. तिचं औषध फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त चांगला उपयोग होतो, म्हणून तिथे दिवसाचा नाही, तासांचा हिशेब लिहावा. आणि फिकट चट्टा, ज्याला ना खाज ना आग, उलट तिथे स्पर्श कमी कळतो, तो तर फोटोवर सोडूच नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी स्पर्श करूनच होते, आणि सरकारी आरोग्य केंद्रात उपचार मोफत मिळतात.

म्हणून तुमचे शब्द जसे मनात येतात तसेच लिहा. खाज आणि वेदना वेगवेगळ्या लिहा. वेदना नसेल तर ‘दुखत नाही’ हेही लिहा. मग वेळ सांगा. स्वयंपाकघरात घाम आला की खाज वाढते, की रात्री अंथरुणात शिरल्यावर? रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ, आणि घरात दोघा-तिघांना तेच, असं असेल तर खरजेचा विचार करावा लागतो. तिचा उपचार अख्ख्या घराला एकाच वेळी घ्यावा लागतो, म्हणून तर डॉक्टरांनी घरच्यांबद्दल विचारलं. गजकर्णही एका टॉवेलवरून, एकत्र भिजवलेल्या कपड्यांवरून पसरतो. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे घातले जात असतील तर तेही सांगा.

दिवसागणिक होणारा बदल दाखवायला एक साधा बॉलपेन पुरतो. चट्ट्याच्या कडेला लागून बाहेरून रेघ आखा, तारीख आणि वेळ लिहा, फोटो घ्या. तीन दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा फोटो. रेघेबाहेर किती गेलं ते डॉक्टरांना दिसेल. अंगावर पित्त उठतं त्यांनाही ही युक्ती उपयोगी आहे: पित्ताची गांधी साधारण एका दिवसात त्या जागेवरून जाते आणि दुसरीकडे उठते, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काहीच उरत नाही. रेघ आणि वेळ लिहिलेले दोन फोटो असले की काम होतं. पण रेघेबाहेरची लाली तासातासाला सरकत असेल, तो भाग गरम आणि सुजलेला असेल, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

पोटात घेतलेल्या औषधांचा उल्लेख लोक हमखास विसरतात. पुरळ येण्याआधीच्या महिन्याभरात सुरू झालेली प्रत्येक गोळी लिहा, दुखण्याची आणि जुलाबाचीसुद्धा. काही गोळ्यांनी दर वेळी अंगावर त्याच ठिकाणी जांभळा-काळा डाग उठतो. रुग्णाला तो नवा रोग वाटतो. तुमच्यासारख्या तक्रारीत अजून काही ओळी लागतातच: मधुमेह आहे का, यकृताचा काही त्रास झालाय का, दिवस गेलेत का किंवा बाळ अंगावर पितं का, कोलेस्टेरॉलची वगैरे कुठली गोळी रोज चालू आहे का. बुरशीवरच्या पोटातल्या गोळ्या द्यायच्या की नाही, कोणत्या द्यायच्या, हे यावर ठरतं. घरगुती उपाय केले असतील, लिंबू, चुना, लसूण, जंतुनाशक पाणी, तेही लिहा. लसणाने भाजलेली कातडी फोटोत भयंकर दिसते आणि मूळ रोग तिच्याखाली झाकला जातो.

हे सगळं एकत्र केल्यावर मजकूर किती लांब होतो, ते दाखवते. तारखा आणि पत्रात नसलेले बाकीचे तपशील मी कल्पनेने घातले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

‘वय 31, स्त्री. पाऊस सुरू झाला तेव्हा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कमरेला उजवीकडे नाण्याएवढा गोल डाग आला. कडेला बारीक कोंडा होता. आता तीन चट्टे आहेत, मोठा तळहाताएवढा, नाडीपासून चार बोटं खाली गेलाय. रंग कॉफीसारखा. खाज दहापैकी आठ, घाम आला की वाढते, रात्री दोनदा जाग येते. दुखत नाही, आंघोळीच्या वेळी चुरचुरतं. मेडिकलमधलं मलम (घटकांचा फोटो सोबत) 20 जूनपासून दिवसातून दोनदा, सहा ट्यूब संपल्या. लावलं की तीन दिवसांत थांबतं, सोडलं की चार दिवसांत परत येतं, दर वेळी मोठं. शेवटचं काल रात्री लावलं. यजमानांना महिन्याभरापासून जांघेत खाज आहे, टॉवेल एकच वापरत होतो. मधुमेह नाही, रोजची गोळी नाही, गरोदर नाही, बाळ अंगावर पीत नाही, औषधाचं कधी वावडं झालेलं नाही. ताप नाही.’

एका मिनिटात वाचून होतं. यातलं ‘लावलं की थांबतं, सोडलं की मोठं होऊन परत येतं’ हे वाक्य तुमच्या पाचही फोटोंपेक्षा जास्त बोलतं.

फोटोंबद्दल थोडंच सांगते. एक लांबून, कमरेचा पूर्ण भाग दिसेल असा. एक जवळून, कड दिसेल असा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, कातडी उजळवणारा मोड बंद, आणि मलम लावण्याआधी, कारण ओल्या मलमाची चमक सगळं झाकते. चेहरा येऊ देऊ नका. फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर डॉक्टरांना पोचल्याची खात्री करून फोटो काढून टाका, पण तारखेनुसार तुलना करायला एक जोडी बंद फोल्डरमध्ये ठेवा.

एवढं लिहूनही डॉक्टर ‘प्रत्यक्ष या’ म्हणू शकतात, आणि मग एसटीचे दोन तास वाया गेले असं समजू नका. त्यांना कडेची कातडी खरवडून काचेवर घ्यायची असेल, त्यावर रसायन घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघायचे असतील. ते फोटोतून होत नाही. बुरशीवरचं मलम नुकतंच लावलेलं असेल तर धागे असूनही दिसत नाहीत, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या की मलम किती दिवस बंद ठेवू. बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उसळेल, लालीही वाढेल. घाबरून तेच मलम परत लावू नका, दुसरंही आणू नका. उसळल्याचा फोटो तारखेसह पाठवा. मलमाचा पडदा गेल्यावरचा तो फोटो डॉक्टरांच्या जास्त कामाचा असतो.

काही वेळा मात्र लिहीत बसायचंच नाही. पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटून येणं, ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही असेल तर जवळच्या रुग्णालयात जायचं, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची.

या नमुन्यातल्यासारखी यजमानांनाही खाज असेल, तर त्यांचा फोटो तुमच्या मजकुराखाली जोडू नका. त्यांचं वय वेगळं, औषधं वेगळी, आणि जांघेत खाजत असेल तर त्यांनीही गुपचूप काहीतरी लावलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांना आज रात्री विचारा, त्यांची ट्यूबही मागून घ्या, आणि त्यांचा मजकूर त्यांच्या नावाने वेगळा पाठवा.